कीटकनाशकाच्या डबीवरील मराठी-हिंदी चुका: कोणत्या निष्काळजीपणाच्या, कोणत्या नकलेच्या

प्रश्न: कपाशीसाठी इमामेक्टिन बेंझोएटची डबी आणली. आतल्या पत्रकातले मराठी फार चुकीचे आहे. 'काळजी'चे 'कालजी' झाले आहे, मधेच हिंदी शब्द आहेत. एवढ्यावरून माल बनावट म्हणता येईल का? नेमके काय पाहायचे?

एवढ्यावरून माल बनावट म्हणता येणार नाही, पण दुकानदाराकडे आणि कृषी अधिकाऱ्याकडे जाण्याइतका संशय घ्यायला ही सुरुवात पुरेशी आहे. चुका किती आहेत यापेक्षा त्या कोणत्या जातीच्या आहेत हे पाहावे लागते. कीटकनाशकांच्या लेबलांवरील आणि पत्रकांतील मराठी-हिंदी मजकूर छपाईपूर्वी तपासणे आणि संशयित माल आला की तो मूळ मालाशी शब्दाशब्दाने ताडून पाहणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अस्सल मालावरही शुद्धलेखनाच्या चुका भरपूर असतात, आणि त्यांच्यावर बोट ठेवून कोणी अस्सल माल बनावट ठरवला तर तक्रार पहिल्याच पायरीवर कोसळते. मात्र काही चुका अशा असतात की त्या मराठी जाणणाऱ्याच्या हातून, तो कितीही निष्काळजी असला तरी, सहसा होत नाहीत. त्या ओळखता आल्या पाहिजेत.

आधी हा मजकूर डबीवर येतो कसा ते पाहू, कारण चुकीचे मूळ त्या वाटेवरच सापडते. इतर बहुतेक बंद पाकिटांच्या बाबतीत, म्हणजे २०११च्या वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार, आवश्यक तपशील देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असले तरी चालतात. मराठी ही ऐच्छिक भर असते. त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर मराठी नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. कीटकनाशकांचे तसे नाही. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली केलेल्या १९७१च्या नियमांनुसार लेबल आणि पत्रक हिंदी, इंग्रजी आणि माल जिथे विकला जाणार आहे त्या भागातील एक किंवा दोन प्रादेशिक भाषांत छापावे लागते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या औषधाच्या पत्रकात मराठी नसणे हा म्हणूनच स्वतंत्र दोष आहे. शिवाय लेबल आणि पत्रक यांचा मजकूर नोंदणी समितीच्या मान्यतेला बांधलेला असतो. कंपनी तो दर हंगामात मनाप्रमाणे बदलत नाही. एकदा तयार झालेला मराठी मजकूर त्यातल्या चुकांसह वर्षानुवर्षे तसाच छापला जातो. अस्सल मालाची चूकसुद्धा स्थिर असते, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

अस्सल मजकुराची वाट अशी असते: मान्य झालेला इंग्रजी मसुदा, त्याचा भाषांतरकार, अक्षरजुळणी करणारा, मग प्रूफ पाहणारा. यातला प्रत्येक जण मराठी वाचतो, निदान वाचू शकतो. नकली मालाच्या मजकुराची वाट वेगळी असते. कोणीतरी अस्सल डबी विकत घेतो, तिचे फोटो काढतो किंवा ती स्कॅन करतो, आणि एखाद्या छापखान्यात समोरचा मोठा भाग चित्र म्हणून जसाच्या तसा उचलला जातो. आतले पत्रक मात्र बारीक अक्षरांचे असते. त्याची प्रतिमा अस्पष्ट येते, म्हणून ते पुन्हा टंकित केले जाते किंवा प्रतिमेतील अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय साधनातून काढले जाते. हे काम करणाऱ्याला अर्थाशी देणेघेणे नसते आणि पुष्कळदा त्याला मराठी येतही नसते. संशयित डबीचा दर्शनी भाग निर्दोष आणि पत्रक गचाळ असे चित्र वारंवार दिसते ते यामुळेच. म्हणून तपासणी दर्शनी भागापासून न करता पत्रकातील सर्वांत बारीक अक्षरांपासून सुरू करावी.

या दोन वाटांवर दोन वेगळ्या जातींच्या चुका तयार होतात. पहिली जात उच्चाराच्या चुकांची. मराठी बोलणारा माणूस कानाने लिहितो आणि ह्रस्व-दीर्घात किंवा 'श-ष', 'न-ण' यांत घसरतो: 'कीटकनाशक'चे 'किटकनाशक', 'सूचना'चे 'सुचना', 'विषबाधा'चे 'विशबाधा', 'द्रावण'चे 'द्रावन'. 'पद्धत'ऐवजी 'पध्दत' हे तर छापील मराठीत सर्वत्र दिसते. वाक्य मोठ्याने वाचले की ते मराठीच वाटते आणि अर्थ कळतो. 'किटकनाशक' हे रूप मी इतक्या नामांकित कंपन्यांच्या अस्सल मालावर पाहिले आहे की त्याला मी संशयाच्या वहीत जागाच देत नाही. या चुका भाषेबद्दलच्या अनास्थेच्या आहेत आणि त्या दुरुस्त व्हायला हव्यात, पण त्या नकलेचा पुरावा नाहीत.

दुसरी जात आकाराच्या चुकांची, आणि खरी माहिती इथे मिळते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ष' आणि 'प', 'ब' आणि 'व' ही अक्षरे कानाला वेगळी पण अस्पष्ट छपाईत डोळ्याला जवळची असतात. 'द्रावण ढवळून घ्यावे' याचे 'ढवळून ध्यावे' झाले, 'मिसळा'चे 'भिसळा' झाले, 'थंड' जागी ठेवायचे औषध 'यंड' जागी गेले, 'विषबाधा' ही 'विपबाधा' झाली, तर ते मोठ्याने वाचून पाहा. त्यातून कोणताही शब्द निघत नाही. मराठी माणूस कितीही घाईत असला तरी 'ध्यावे' बोलत नाही, म्हणून लिहितही नाही. 'ब' आणि 'व' ही जोडी मात्र सावधपणे घ्यावी, कारण हिंदीच्या काही बोलींत हा बदल उच्चारातही होतो. एखादा अपवाद कळफलकावरील चुकीच्या कळीमुळे होऊ शकतो, म्हणून एका शब्दावर थांबू नये. अशा तीन-चार चुका एकाच पत्रकात असतील आणि त्या सगळ्या दिसण्यातल्या साम्याच्या असतील, तर मजकूर न समजता उतरवला गेला आहे असे मी मानतो.

'ळ'ची जागा 'ल'ने घेणे ही या दोन्हींच्या मधली चूक आहे आणि तुमच्या प्रश्नातले 'कालजी' याच प्रकारचे आहे. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात 'ळ' वापरला जात नाही, म्हणून हिंदी टंकणारा 'अळी'ची 'अली', 'फळ'चे 'फल', 'वेळ'ची 'वेल' सहज करतो. 'शेतकऱ्यांनी'चे 'शेतकर्यांनी' हेही याच कुळातले, कारण 'ऱ्य' हे जोडाक्षर मराठीचे वैशिष्ट्य आहे. उलट दिशेने पाहायचे तर 'झाड', 'बाटलीचे झाकण काढा' अशा मराठी मजकुरात 'ड' किंवा 'ढ'खाली नुक्ता आलेला दिसला तर टंकणाऱ्याची बोटे हिंदीच्या सवयीची आहेत. या खुणांवरून मजकूर मराठी न जाणणाऱ्याने टंकला एवढे कळते. अस्सल कंपनीने काम परप्रांतातील छापखान्याला दिले असेल आणि प्रूफ कोणी नीट पाहिले नसेल तर अस्सल मालावरही हे घडते. त्यामुळे केवळ 'कालजी' हा पुरावा अर्धा आहे. त्याच्या शेजारी काय आहे हे पाहावे लागेल.

तिसरी एक जात आहे, तिच्यावर वेळ घालवू नये. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर लागणे, जोडाक्षर फुटून हलंताचा पाय दिसणे, अक्षराच्या जागी चौकोन येणे हे दोष आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू नसली, किंवा श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना काही निसटले, की तयार होतात. ते अस्सल-नकली दोन्हींकडे सारखेच आढळतात.

व्याकरणाच्या चुकांपैकी मी दोनच गोष्टींना वजन देतो. हिंदीत 'बच्चों की पहुँच से दूर रखें' याऐवजी 'बच्चों के पहुँच से' असे असले तर ते मराठी किंवा अन्य भाषिक माणसाने हिंदी लिहिल्याचे लक्षण आहे. अस्सल मालावरही ते सापडते, म्हणून ते सोडून द्यावे. पण मराठी स्तंभात वाक्य मधूनच हिंदी होते, म्हणजे 'पाण्यात मिसळून छिड़काव करा', 'डबी उपयोग के बाद नष्ट करा' असे काही दिसते, तेव्हा ते भाषांतर नसून दोन स्तंभांची सरमिसळ असते: फोटोत मराठीची ओळ वाचता आली नाही म्हणून शेजारच्या हिंदी ओळीवरून ती भरली गेली. दुसरी गोष्ट पिकांची आणि किडींची नावे. मराठी स्तंभात 'तूर', 'हरभरा', 'वांगी', 'भेंडी', 'कोबी' असायला हवे. तिथे 'अरहर', 'चना', 'बैंगन', 'भिंडी', 'पत्तागोभी' आले, किंवा 'बोंडअळी'ऐवजी 'सुंडी' आली, तर मराठी भाषांतरकाराच्या नजरेखालून तो मजकूर गेलेलाच नाही. शेतीच्या औषधाचे पत्रक लिहिणारा भाषांतरकार 'विषबाधा' चुकीची लिहील, पण पिकाचे नाव चुकवणार नाही. संपूर्ण पत्रकात शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत असणारे शब्द तेवढेच असतात.

आता एका डबीचे उदाहरण घेऊ. औषध तुमच्याच सारखे, इमामेक्टिन बेंझोएट ५% एसजी, डबी १०० ग्रॅमची. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. दर्शनी भाग पाहून मलाही काही खटकले नाही. पत्रकातील हिंदी स्तंभ जवळपास निर्दोष होता. मराठी स्तंभात 'ढवळून ध्यावे', 'विपबाधेची लक्षणे', 'तोंडावर भास्क बांधावा' आणि 'बोंडअली' असे चार शब्द पहिल्याच वाचनात सापडले. दोन स्तंभांतील हा फरक बोलका होता. हिंदी येणाऱ्या माणसाने अस्पष्ट फोटोवरून दोन्ही स्तंभ टंकले होते. हिंदीत अक्षर पुसट असले तरी शब्द ओळखीचा असल्याने त्याने तो बरोबर भरला, मराठीत ओळखीचा शब्द नसल्याने जसे दिसले तसे लिहिले. मूळ कंपनीच्या भाषांतरकाराकडून अशी विभागणी होण्याचे कारण दिसत नाही.

तरीही हे अजून अनुमानच होते. पक्के केले ते मात्रेच्या तक्त्याने. कपाशीवरील बोंडअळीसाठी या औषधाची मान्य मात्रा हेक्टरी ९.५ ते ११ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे १९० ते २२० ग्रॅम औषध, ५०० लिटर पाण्यातून, आणि शेवटची फवारणी व वेचणी यांत १० दिवसांचे अंतर अशी आहे. संशयित पत्रकाच्या हिंदी भागात आकडे इंग्रजी अंकांत आणि बरोबर होते. मराठी भागात मात्र '११० ते २२०' छापले होते, कारण देवनागरी '१' आणि '९' बारीक छपाईत एकमेकांसारखे दिसतात. भेंडीच्या ओळीत क्रियाशील घटक '६.७५ ते ८.५'ऐवजी '६.७५ ते ८५' असा होता. दशांशचिन्हाचा ठिपका स्कॅनमध्ये पुसला गेला होता.

ही तपासणी तुम्हाला घरी करता येते, तिला मूळ डबीही लागत नाही. औषध ५ टक्क्यांचे आहे, म्हणजे १०० ग्रॅम औषधात ५ ग्रॅम क्रियाशील घटक. क्रियाशील घटकाच्या आकड्याला २०ने गुणले की औषधाचा आकडा आला पाहिजे. ९.५ गुणिले २० म्हणजे १९०, ११ गुणिले २० म्हणजे २२०, भेंडीसाठी ६.७५ गुणिले २० म्हणजे १३५ आणि ८.५ गुणिले २० म्हणजे १७०. मान्य तक्त्यात हे गणित प्रत्येक ओळीत जुळते. नकली पत्रकात '११०'ला २०ने भागले की ५.५ येते आणि शेजारी ९.५ लिहिलेले असते. औषध दुसरे असेल तर टक्केवारी पाहून गुणक बदलावा, म्हणजे १०० भागिले टक्केवारी. असेच दुसरे गणित घटकांच्या यादीत असते: क्रियाशील घटक आणि बाकीचे पूरक घटक यांच्या वजनी टक्केवारीची बेरीज १०० व्हावी लागते. पुन्हा टंकताना एखादी ओळ सुटली की ही बेरीज अडते, आणि 'एकूण १००' हे शब्द मात्र खाली तसेच राहतात. शुद्धलेखनावर वाद घालता येतो, बेरजेवर नाही; म्हणून तक्रारीत मी नेहमी गणित आधी मांडतो आणि शब्द नंतर. एका पत्रकातले गणित अस्सल छपाईतही चुकू शकते, पण तसे असेल तर ते त्या छपाईच्या प्रत्येक पत्रकात चुकलेले असेल, आणि दुसरी डबी पाहिली की ते लगेच कळते.

याच पत्रकातील सर्वांत धोकादायक गोष्ट उताऱ्याच्या परिच्छेदात होती. विषबाधेवर उतारा म्हणून ॲट्रोपिन छापले होते. ॲट्रोपिन हे क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस अशा ऑरगॅनोफॉस्फरस गटातील औषधांवर दिले जाते. इमामेक्टिन बेंझोएटवर विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. टंकणाऱ्याने हा परिच्छेद दुसऱ्याच औषधाच्या जुन्या पत्रकातून उचलला होता. वाक्यरचना शुद्ध होती, एकही अक्षर चुकले नव्हते, आणि तरीही संपूर्ण पत्रकातील सर्वांत मोठी चूक तीच होती. तपासताना शुद्ध मराठीत लिहिलेल्या परिच्छेदावरूनही म्हणून नजर घसरू देऊ नये. तो त्या औषधाचा आहे का हे पाहावे.

आता गहाळ तपशिलांकडे वळतो. कीटकनाशकाच्या लेबलावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता, नोंदणी क्रमांक, क्रियाशील घटकाचे नाव आणि टक्केवारी, निव्वळ वजन किंवा आकारमान, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, उताऱ्याविषयीचा मजकूर हे सारे असावेच लागते. नकली मालात हे तपशील पूर्णपणे वगळलेले क्वचितच असतात, कारण दर्शनी भाग चित्र म्हणून उचललेला असतो. गहाळ होते ते आतले: पत्ता असतो पण भूखंड क्रमांक किंवा पिनकोड नसतो, 'उत्पादक' आणि 'विपणन' ही दोन नावे अस्सल मालावर वेगळी असतात, इथे एकच उरते, मराठी स्तंभात नोंदणी क्रमांकाचे शीर्षक असते पण पुढे जागा कोरी. बहुतेक नोंदणी क्रमांकांत सीआयआर या अक्षरांनंतर नोंदणीचे वर्ष आणि औषधाचे तांत्रिक नाव असते. त्या क्रमांकातील औषधाचे नाव डबीवरील औषधाशी जुळत नसेल, तर क्रमांक दुसऱ्या डबीवरून आला आहे.

डबीवरचा चौकटीचा हिरा, म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, त्यातील रंग आणि शब्द यांची जोडीही पाहावी. खालच्या त्रिकोणात लाल किंवा पिवळा रंग असेल तर वर विषाचा इशारा लागतो, निळ्याबरोबर धोक्याचा आणि हिरव्याबरोबर सावधगिरीचा. लाल रंगाच्या, म्हणजे सर्वांत विषारी गटाच्या मालावर त्याबरोबर कवटी आणि हाडांचे चिन्हही असते. पिवळ्या हिऱ्यात 'सावधान' असे काही दिसले तर लेबल दोन वेगळ्या डब्यांवरून जोडलेले आहे. बॅच आणि तारीख लेबल छापून झाल्यावर कारखान्यात वेगळ्या यंत्राने उमटवतात, म्हणून ती जराशी तिरकी, वेगळ्या शाईची, कधी चौकटीबाहेर गेलेली असते. लेबलाच्याच शाईत, अगदी सरळ, लेबलाबरोबर छापलेली तारीख दिसली तर ती खूण लिहून ठेवावी.

बॅचच्या या खुणेसारखीच छपाईची आणखी एक खूण मी नेहमी वापरतो. दहापट मोठे करणारे भिंग घेऊन बारीक मराठी अक्षराकडे पाहावे. मूळ लेबलावर काळा मजकूर एकाच घट्ट काळ्या शाईत, स्पष्ट कडांचा असतो. स्कॅन करून छापलेल्या लेबलावर तेच अक्षर रंगीत ठिपक्यांचे बनलेले आणि कडांना विरलेले दिसते. अनुस्वार अर्धवट, रफार पुसट, 'ष' आणि 'क्ष' यांची पोटे भरलेली. एरवी शुद्ध दिसणारी नक्कल इथे उघडी पडते, कारण अशा नकलेत मूळ कंपनीच्या चुकाही जशाच्या तशा आलेल्या असतात आणि शब्द ताडून पाहण्याने काही हाती लागत नाही.

शब्द ताडून पाहायचे असतील तर कशाशी ताडायचे हा प्रश्न उरतो. त्याच कंपनीची, त्याच वजनाची आणि शक्यतो जवळच्या महिन्यातील डबी कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून मिळवावी. वजन सारखे हवे, कारण १०० ग्रॅमच्या आणि ५०० ग्रॅमच्या लेबलाची मांडणी वेगळी असते. महिना जवळचा हवा, कारण मान्यतेत नवे पीक जोडले गेले की पत्रक बदलते. मग दोन्ही पत्रके शेजारी ठेवून फक्त फरक लिहावे. ज्या चुका दोन्हींत आहेत त्या कंपनीच्या. त्या खोडून टाकाव्यात. ज्या एकीकडेच आहेत त्याच तुमच्या कामाच्या. तुमच्या डबीत 'कालजी' असेल आणि अस्सल डबीतही 'कालजी'च असेल, तर तुमचा संशय तिथेच मिटतो, किंबहुना ती चूक मालाच्या बाजूने साक्ष देते. याउलट अस्सल डबीत 'किटकनाशक' असे चुकीचे असेल आणि तुमच्या डबीत कोणीतरी ते 'कीटकनाशक' असे दुरुस्त केलेले असेल, तर ती शुद्धताच संशयास्पद आहे. मान्य झालेला मजकूर मध्येच एका शब्दापुरता सहसा सुधारत नाही.

या पद्धतीची मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. रिकामी झालेली अस्सल डबी किंवा बाटली गोळा करून तिच्यात दुसरेच काही भरून विकले जात असेल, तर लेबलावरील प्रत्येक अक्षर अस्सलच असणार आणि मजकुराची तपासणी काहीच सांगणार नाही. तिथे सील, झाकणाची कडी आणि आतला पदार्थ पाहावा लागतो. आत काय आहे हे शेवटी प्रयोगशाळाच सांगते. मजकुरावरून ठरते ते इतकेच की हे लेबल मूळ छपाईचे आहे की नाही. पण कायद्याच्या दृष्टीने तेवढेही पुरेसे वजनदार असते, कारण कीटकनाशक कायद्यात मिसब्रँडेड मालाच्या व्याख्येत लेबलावरील खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान, दुसऱ्या औषधाची नक्कल आणि आवश्यक इशारा नसणे हे सारे येते. आतले औषध योग्य निघाले तरी चुकीच्या उताऱ्याचे पत्रक हा गुन्ह्याचा विषय राहतो.

तक्रार करताना डबी जितकी वापरली आहे तितकीच ठेवावी, दुसरी घेतली असेल तर ती उघडू नये. बिलावर बॅच क्रमांक आहे का आणि तो डबीवरच्या क्रमांकाशी जुळतो का हे पाहावे. बिल नसेल तर दुकानदाराशी वाद घालण्याआधी तेच मिळवावे. डबीच्या सर्व बाजूंचे आणि पत्रकाच्या दोन्ही पानांचे फोटो उजेडात, सरळ वरून काढावेत. मग पंचायत समितीतील किंवा तालुक्यातील कृषी अधिकाऱ्यांकडे, ज्यांच्याकडे कीटकनाशक निरीक्षकाचे अधिकार असतात त्यांच्याकडे, लेखी अर्ज द्यावा. नमुना अधिकृतपणे त्यांनीच घ्यावा लागतो. त्याचे तीन भाग होतात, एक ज्याच्याकडून घेतला त्याला परत मिळतो, एक विश्लेषकाकडे जातो आणि एक न्यायालयासाठी राखला जातो. तुम्ही उघडलेली डबी त्या नमुन्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून दुकानात त्याच बॅचचा न उघडलेला माल शिल्लक असतानाच अर्ज पोहोचणे महत्त्वाचे आहे. अर्जात 'माल बनावट आहे' असे लिहू नये. 'मात्रेच्या तक्त्यात कपाशीपुढे क्रियाशील घटक ९.५ ग्रॅम आणि औषध ११० ग्रॅम छापले आहे, ५ टक्क्यांच्या औषधात हे जुळत नाही. पत्रकात उतारा म्हणून ॲट्रोपिन दिले आहे. मराठीत पुढील शब्द अर्थहीन आहेत' असे ओळीने लिहावे. कंपनीलाही हेच फोटो पाठवावेत. मूळ लेबलाची फाइल तिच्याकडे असते आणि फरक मान्य करणारे तिचे पत्र अर्जाला जोडता येते.

औषध फवारून झाले असेल आणि कोणाला मळमळ, चक्कर, थरथर जाणवत असेल, तर डबी आणि पत्रक घेऊन लगेच दवाखान्यात जावे. डॉक्टरांना मात्र सुरुवातीलाच सांगावे की लेबलाबद्दल संशय आहे, आत डबीवर लिहिलेलेच औषध असेल असे धरून चालू नये आणि पत्रकातील उताऱ्यावर विसंबू नये. उरलेले औषध मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून सोबत न्यावे.